अनिश्चितता अनेक ब्लॉकमध्ये विभागलेली असताना रोबस्ट परफॉर्मन्स कसा तपासायचा? दोन इनपुटच्या कॉलमवर म्यू-विश्लेषण

प्रश्न: "माझ्या दोन इनपुट, दोन आउटपुटच्या प्लँटमध्ये दोन्ही अॅक्च्युएटरची अनिश्चितता स्वतंत्र आहे. नॉमिनल परफॉर्मन्सची आणि रोबस्ट स्टॅबिलिटीची चाचणी आरामात पास होते. तरी म्यू काढल्यावर कमाल ५.८ येतोय. हे कसं शक्य आहे? ब्लॉक नेमके कसे मांडायचे, आणि या ५.८ चा अर्थ काय घ्यायचा?"

उत्तर:

तुमचा आकडा पाहता तुमची चूक झालेली असेलच असं नाही. दोन्ही चाचण्या पास होऊन रोबस्ट परफॉर्मन्स साफ नापास होणं हे बहुचल प्रणालीत खरोखर घडतं. याचं सर्वात स्वच्छ उदाहरण म्हणजे स्कोगेस्टाड, मोरारी आणि डॉयल यांनी १९८८ मध्ये मांडलेलं डिस्टिलेशन कॉलमचं साधं मॉडेल. तेच घेऊन सगळं हाताने करून दाखवतो, कारण इथे म्यू कागदावर काढता येतो आणि सॉफ्टवेअरचं उत्तर पडताळता येतं.

```
G(s) = 1/(75s+1) * [  87.8   -86.4
                     108.2  -109.6 ]

wI(s) = (s+0.2)/(0.5s+1)
wP(s) = (0.5s+0.05)/s
K(s)  = (0.7/s) * inv(G(s))
```

काळ मिनिटांत आहे. इनपुट दोन: रिफ्लक्स आणि बॉइलअप. आउटपुट म्हणजे कॉलमच्या वरच्या आणि खालच्या प्रॉडक्टची शुद्धता. `wI` सांगतो की प्रत्येक इनपुटमध्ये कमी फ्रिक्वेन्सीला २० टक्के चूक असू शकते आणि ती वाढत जाऊन साधारण १ रेडियन प्रति मिनिटाच्या आसपास १०० टक्के होते. `wP` ची मागणी अशी: स्थिर अवस्थेत चूक शून्य, बँडविड्थ निदान ०.०५ च्या आसपास, आणि सेन्सिटिव्हिटीचं शिखर २ च्या आत. कंट्रोलर प्लँटचा व्यस्त वापरतो, त्यामुळे नॉमिनल लूप दोन स्वतंत्र, अगदी सुरेख एकपदरी लूपमध्ये मोडतो.

घोटाळा कुठे आहे

आधी म्यू बाजूला ठेवून एक हिशेब करू. समजा फक्त वरची शुद्धता १ एककाने वाढवायची आहे, खालची हलता कामा नये. स्थिर अवस्थेच्या मॅट्रिक्सचा व्यस्त घेतला तर रिफ्लक्स ०.३९९ ने आणि बॉइलअप ०.३९४ ने वाढवावा लागतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. सगळं काम त्यांच्यातल्या इवल्याशा फरकावर चाललं आहे. आता रिफ्लक्सचा व्हॉल्व्ह सांगितल्यापेक्षा २० टक्के जास्त हलला आणि बॉइलअप २० टक्के कमी झाला, तर प्रत्यक्ष बदल ०.४७९ आणि ०.३१५ होतात. हे मॅट्रिक्समधून पुढे नेले की वरच्या आउटपुटला १ ऐवजी १४.८ आणि खालच्याला ० ऐवजी १७.३ मिळतात. एकेका टक्क्याची उलटसुलट चूक असती, तरीही १.६९ आणि ०.८६ आले असते.

मग रोबस्ट स्टॅबिलिटी पास का होते? कारण इनपुटच्या बाजूने पाहिलं तर `K*G` म्हणजे ०.७/s गुणिले आयडेंटिटी. इनपुटवरची २० टक्के चूक त्या जागी फक्त २० टक्के गेन-चूक म्हणून दिसते, आणि एवढ्याने लूप अस्थिर होत नाही. परफॉर्मन्स मात्र आउटपुटवर मोजला जातो. तिथे पोचताना तीच चूक, तिला Δ म्हणू, `G*Δ*inv(G)` होऊन जाते आणि प्रचंड वाढते. म्हणजे अनिश्चितता एका ठिकाणी, परफॉर्मन्सची मागणी दुसऱ्या ठिकाणी, आणि मधे कंडिशन नंबर १४१.७ चा प्लँट. वेगवेगळ्या केलेल्या दोन चाचण्यांना हा मधला रस्ता दिसतच नाही.

"मग अनिश्चितताच आउटपुटवर एका मोठ्या ब्लॉकमध्ये टाकू" हा मोह इथे होतो. तसं केलं तर ०.२ गुणिले १४१.७ म्हणजे सुमारे २८ एवढं वजन लावावं लागतं, आणि मुळात स्थिर असलेला लूप चाचणीत अस्थिर ठरतो. प्रत्येक अनिश्चितता जिथे जन्मते तिथेच तिचा ब्लॉक ठेवायचा, हा नियम म्हणूनच आहे. आणि असे सुटे ब्लॉक एकत्र तपासण्यासाठीच डॉयल यांनी १९८२ मध्ये स्ट्रक्चर्ड सिंग्युलर व्हॅल्यू, म्हणजेच हा म्यू, मांडली.

मांडणी

दोन्ही इनपुटच्या अनिश्चितता δ1, δ2 बाहेर ओढा. उरलेला सगळा बंद लूप, वजनांसकट, एका मॅट्रिक्समध्ये येतो:

```
N = [ -wI*K*S*G   -wI*K*S
       wP*S*G      wP*S   ],     S = inv(I + G*K)
```

वरच्या ओळी अनिश्चिततेच्या ब्लॉककडे जातात, खालच्या परफॉर्मन्सकडे. आता खरी युक्ती: परफॉर्मन्सची अट, म्हणजे बाह्य डिस्टर्बन्सपासून वजन लावलेल्या चुकीपर्यंतचा गेन १ पेक्षा कमी असणं, ही एका काल्पनिक अनिश्चिततेविरुद्धच्या स्थिरतेच्या अटीशी तंतोतंत समतुल्य आहे. म्हणून आणखी एक ब्लॉक ΔP जोडायचा. हा २×२ चा, पूर्ण भरलेला आणि काँप्लेक्स असतो. एकूण रचना `diag(δ1, δ2, ΔP)`. नॉमिनल लूप स्थिर असेल, तर रोबस्ट परफॉर्मन्सची आवश्यक आणि पुरेशी अट अशी: या संपूर्ण रचनेसाठी प्रत्येक फ्रिक्वेन्सीला μ(N) < 1.

ΔP पूर्ण ब्लॉकच हवा. त्याला दोन सुट्या अदिश ब्लॉकमध्ये फोडलं, तर तुम्ही आउटपुटमधल्या परस्पर गळतीकडे डोळेझाक करता आणि म्यू खोटाच कमी दिसतो. उलट δ1, δ2 हे दोन वेगळे व्हॉल्व्ह असल्याने त्यांना २×२ चा एक पूर्ण ब्लॉक मानणं म्हणजे एका व्हॉल्व्हची आज्ञा दुसऱ्या व्हॉल्व्हमध्ये गळू शकते असं म्हणणं. ते प्रत्यक्षात घडत नाही आणि निकाल उगाच कडक होतो, किंवा आपल्या उदाहरणासारखा होतही नाही. तो भाग पुढे येतो.

हिशेब

म्यू सर्वसाधारणपणे थेट काढता येत नाही. वरची आणि खालची मर्यादा काढतात. वरची मर्यादा म्हणजे ब्लॉकच्या रचनेशी कम्यूट होणाऱ्या D मॅट्रिक्सने N ला स्केल करून `D*N*inv(D)` चा सर्वात मोठा सिंग्युलर व्हॅल्यू जितका खाली आणता येईल तितका आणणं. आपल्या रचनेत `D = diag(d1, d2, d3, d3)`, आणि त्यातला एक आकडा १ धरून चालतो. पुनरावृत्ती नसलेले काँप्लेक्स ब्लॉक तीन किंवा कमी असतील तर ही वरची मर्यादा म्हणजेच म्यू, हे सिद्ध आहे. आपल्याकडे बरोबर तीन आहेत.

व्यस्त-आधारित कंट्रोलरसाठी हे किमान कागदावर निघतं. `a = |wI*0.7/(s+0.7)|` आणि `b = |wP*s/(s+0.7)|` धरा, म्हणजे रोबस्ट स्टॅबिलिटीचा आणि नॉमिनल परफॉर्मन्सचा त्या फ्रिक्वेन्सीचा आकडा. मग:

```
μ² = a² + b² + a*b*(γ + 1/γ)
```

γ म्हणजे प्लँटचा कंडिशन नंबर. इथे तो सर्व फ्रिक्वेन्सींना १४१.७ आहे, कारण डायनॅमिक्स सामाईक आहे. काही फ्रिक्वेन्सींचे आकडे पाहा:

| ω (रेडियन/मिनिट) | a | b | स्केल न केलेला σ̄(N) | μ |
|---|---|---|---|---|
| ०.०१ | ०.२०० | ०.०७२ | ११.३ | १.४४ |
| ०.१ | ०.२२१ | ०.१०० | २.६२ | १.७९ |
| १ | ०.५२३ | ०.४१२ | २८.२ | ५.५६ |
| १.४ | ०.५१८ | ०.४४८ | ३९.१ | ५.७८ |
| १० | ०.१३७ | ०.४९९ | ७३.८ | ३.१५ |

a कधीच ०.५३ च्या वर जात नाही, b कधीच ०.५ च्या वर जात नाही. दोन्ही चाचण्या जवळजवळ दुपटीच्या मार्जिनने पास. तरी म्यूचं शिखर ५.७८, म्हणजे तुमचा ५.८. सूत्रात γ = १ टाकून पाहा: म्यू फक्त a + b उरतो आणि १.४ ला तो ०.९७ येतो. हाच प्लँट एकपदरी असता तर रोबस्ट परफॉर्मन्सही पास झाला असता. एकपदरी लूपवर तयार झालेला अंदाज इथे फसतो तो याच शेवटच्या पदामुळे.

स्केल न केलेल्या σ̄ च्या स्तंभाला काहीच अर्थ नाही, हेही लक्षात घ्या. तो ०.१ ला उतरतो आणि १० ला ७३ वर जातो, कारण त्यात इनपुट आणि आउटपुटच्या एककांची सरमिसळ आहे. ०.०१ ला योग्य स्केल सुमारे ७.९ लागतो तर १ ला ०.२, म्हणजे D प्रत्येक फ्रिक्वेन्सीला नव्याने काढावा लागतो. एकदाच एकके नीट निवडून हे काम भागत नाही.

आता δ1, δ2 सुटे ठेवल्याने काही सुटका होते का? d1 आणि d2 वेगळे ठेवण्याची मुभा म्हणजे सूत्रातल्या γ ऐवजी, इनपुटचं स्केलिंग बदलून मिळणारा सर्वात लहान कंडिशन नंबर वापरण्याची मुभा. ते सर्वोत्तम स्केलिंग G च्या दोन्ही स्तंभांची लांबी सारखी करतं. आपल्या G चे स्तंभ मुळातच १३९.३ आणि १३९.६ लांबीचे आहेत, त्यामुळे सुटकेला जागाच नाही. पूर्ण ब्लॉक घेतला काय आणि सुटे घेतले काय, म्यू दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत तोच येतो. तुमच्या प्लँटमध्ये एक स्तंभ दुसऱ्याच्या दसपट असेल, तर मात्र फरक मोठा पडेल. म्हणून स्तंभांची लांबी आधी तपासून बघावी; दोन मिनिटांचं काम आहे आणि रचना किती मदत करणार हे लगेच कळतं.

मॅटलॅबमध्ये

```matlab
w  = logspace(-3,2,201);  s = tf('s');
G0 = [87.8 -86.4; 108.2 -109.6];
G  = frd((1/(75*s+1))*G0, w);
K  = frd((0.7*(75*s+1)/s)*inv(G0), w);
WI = frd((s+0.2)/(0.5*s+1)*eye(2), w);
WP = frd((0.5*s+0.05)/s*eye(2), w);
S  = inv(eye(2)+G*K);
N  = [-WI*K*S*G, -WI*K*S; WP*S*G, WP*S];
blk = [1 1; 1 1; 2 2];
[bnds,info] = mussv(N, blk);
```

`bnds(1,1)` वरची मर्यादा, `bnds(1,2)` खालची. वजनं आणि लूप आधीच फ्रिक्वेन्सी डेटात बदलले आहेत ते मुद्दाम. `wP` मध्ये शुद्ध इंटिग्रेटर आहे; स्टेट-स्पेसमध्ये N जुळवला तर न कटलेला s = 0 चा पोल मागे राहतो आणि N अस्थिर असल्याची तक्रार येते. स्टेट-स्पेसच हवी असेल तर `wP` च्या छेदात s ऐवजी s + ०.००००१ घ्या. फ्रिक्वेन्सी डेटाचा तोटा मात्र असा, की नॉमिनल लूप अस्थिर असला तरी `mussv` बिनतक्रार उत्तर देतो. लूपचे पोल वेगळे तपासल्याशिवाय म्यूच्या आलेखावर विश्वास ठेवू नका.

सर्वात जास्त चुका `blk` मध्ये होतात. त्यातल्या ओळींचा क्रम N च्या ओळी-स्तंभांच्या क्रमाशी जुळलाच पाहिजे. `[1 1]` म्हणजे एक काँप्लेक्स अदिश, `[2 2]` म्हणजे पूर्ण २×२, `[2 0]` म्हणजे तोच एक काँप्लेक्स अदिश दोनदा, आणि `[-1 0]` म्हणजे रिअल. शेवटच्या ओळीत `[2 2]` ऐवजी `[2 0]` लिहिलं तर प्रोग्रॅम चुपचाप चालतो आणि परफॉर्मन्सचा ब्लॉक एका आकड्यापुरता आकसतो. ओळखायचं कसं? दोन तुकडे वेगळे चालवा: N चा फक्त वरचा डावा भाग पहिल्या दोन ब्लॉकसह आणि फक्त खालचा उजवा भाग `[2 2]` सह. पूर्ण रचनेचा म्यू या दोन्हींपेक्षा कधीच कमी असू शकत नाही. कमी आला तर रचना चुकली. ही तपासणी सगळी चूक पकडत नाही, आपल्या N वर `[2 0]` ती चुकवूही शकतो, म्हणून `blk` ची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचावी.

५.८ कसा वाचायचा

"परफॉर्मन्स मागणीपेक्षा ५.८ पट वाईट" असा अर्थ सर्रास लावला जातो, आणि तो चूक आहे. म्यू ५.७८ म्हणजे अनिश्चितता आणि परफॉर्मन्सची मागणी *दोन्ही एकदम* ५.७८ ने भागली तर चाचणी काठावर पास होते. म्हणजे २० टक्क्यांची चूक ३.५ टक्क्यांवर आणूनही परफॉर्मन्स मागणीच्या जवळजवळ सहापट वाईट असू शकतो.

प्रत्यक्षात तुम्हाला विचारायचं असतं ते वेगळंच: अनिश्चितता आहे तेवढीच ठेवली तर परफॉर्मन्स किती बिघडेल? त्यासाठी अनिश्चिततेच्या ओळी जशाच्या तशा ठेवून फक्त परफॉर्मन्सच्या ओळी k ने भागायच्या आणि म्यूचं शिखर बरोबर १ येईपर्यंत k बदलायचा. याला स्क्यूड म्यू म्हणतात. आपल्या सूत्रात b च्या जागी b/k टाकलं की द्विघात समीकरण मिळतं, आणि १.३५ च्या आसपास k = ४५ येतो. म्हणजे सर्वात वाईट Δ साठी वजन लावलेली सेन्सिटिव्हिटी १ ऐवजी ४५. मॅटलॅबमधलं `wcgain` हाच प्रश्न सोडवतं. उलट बाजूने, परफॉर्मन्सची मागणी कायम ठेवून अनिश्चितता किती चालेल हे पाहिलं तर `wI` सुमारे ४२ ने भागावा लागतो: वीस टक्क्यांच्या जागी अर्धा टक्का. अहवालात ५.७८ लिहिण्याऐवजी हे दोन आकडे लिहा. प्लँट चालवणाऱ्या माणसाला त्यातून काही कळतं.

ब्लॉक वाढले की

आउटपुटच्या मापनातल्या अनिश्चितता जोडल्या, तर `diag(δ1, δ2, δ3, δ4, ΔP)` असे पाच ब्लॉक होतात आणि वरची मर्यादा नेमकी म्यूच असेल याची हमी संपते. सगळे ब्लॉक काँप्लेक्स असतील तर दोन मर्यादांमधली फट सहसा थोडीच राहते. निर्णय वरच्या मर्यादेवरच घ्यायचा, कारण "याहून वाईट होणार नाही" हे तीच सांगते. खालची मर्यादा वेगळ्या कामाची आहे: तिच्यामागे प्रत्यक्ष एक वाईट Δ असतो. `mussvextract(info)` वापरून तो बाहेर काढा आणि त्याच फ्रिक्वेन्सीला लूपमध्ये बसवून पाहा. आपल्या कॉलममध्ये δ1 आणि δ2 विरुद्ध दिशांना गेले की काय होतं ते वर पाहिलंच. तुमच्या वाईट Δ मध्येही अशी भौतिक गोष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर मॉडेलमध्ये न घडणारी अनिश्चितता घुसली आहे का ते तपासा.

रिअल पॅरामीटर आले की परिस्थिती बिघडते. वस्तुमान, गेन, कालांक अशा गोष्टी रिअल असतात. सगळे अनिश्चितता-ब्लॉक रिअल ठेवून नुसती रोबस्ट स्टॅबिलिटी तपासली तर खालच्या मर्यादेचा अल्गोरिदम अनेकदा शून्यावर अडकतो, आणि म्यूच्या आलेखात इतकी अरुंद शिखरं असू शकतात की फ्रिक्वेन्सीच्या ग्रिडमधून ती निसटतात. शिखराच्या आजूबाजूला ग्रिड दाट करून बघा. आकडा बदलत राहिला तर शंका घ्या. नेहमीचा उपाय म्हणजे प्रत्येक रिअल δ ला पाच-दहा टक्के काँप्लेक्स भाग जोडणं. निकाल किंचित कडक होतो, पण फट मिटते आणि आलेख सलग होतो. भौतिकदृष्ट्याही हे रास्त आहे, कारण शुद्ध रिअल, डायनॅमिक्स नसलेली अनिश्चितता क्वचितच असते.

आणखी एक मर्यादा: प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा D घेऊन काढलेला म्यू, Δ काळानुसार बदलत नाही असं गृहीत धरतो. पॅरामीटर लूपच्या वेगाने बदलत असतील तर सर्व फ्रिक्वेन्सींना एकच स्थिर D घेऊन चाचणी करावी लागते, आणि ती बरीच कडक असते.

या प्लँटसाठी उपाय विचाराल तर व्यस्त-आधारित कंट्रोलर सोडावा लागेल. गेन कमी करून भागत नाही, कारण शिखर खाली आलं तरी γ तसाच राहतो, ०.०१ ला a आणि b दोन्ही लहान असूनही म्यू १.४४ आहे, यातच ते दिसतं. D आणि K आळीपाळीने सुधारत नेणाऱ्या DK पद्धतीने याच प्लँटवर, याच वजनांसह, म्यूचं शिखर ०.९७४ पर्यंत आणता येतं. तो कंट्रोलर कमकुवत दिशेतला गेन मुद्दाम सोडून देतो, त्यामुळे नॉमिनल प्रतिसाद व्यस्तापेक्षा आळशी दिसतो आणि दोन्ही आउटपुट एकमेकांना थोडे हलवतात. तुमच्या प्लँटवर DK सुरू करण्याआधी `wI` मधला कमी फ्रिक्वेन्सीचा २० टक्के हा आकडा व्हॉल्व्हच्या प्रत्यक्ष कॅलिब्रेशनवरून एकदा पक्का करा. फ्लोचा आतला लूप असेल तर तो बराच कमी निघू शकतो, आणि कमी फ्रिक्वेन्सीला a थेट त्याच प्रमाणात खाली येतो.